एक्झिट तिकीट आणि क्विक पोलची वर्कशॉप: अख्खा दिवस एका प्रश्नावर घालवा

प्रश्न: खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिक्षक आहे. आमच्या क्लस्टरमधल्या शिक्षकांसाठी एक्झिट तिकीट, क्विक पोल यावर एक दिवसाची वर्कशॉप घ्या म्हणून सीआरपींनी सांगितलंय. मराठी आणि कन्नड दोन्ही मिडियमचे मिळून पंचवीसेक जण येतील. दिवसभराचा आराखडा कसा करू? कोणी घेतली असेल तर सविस्तर सांगा.

सर, मी बेळगाव भागात अशा वर्कशॉप घेते, त्यामुळे सरळ सांगते. एक्झिट तिकिटं, म्हणजे तास संपताना पोरांकडून भरून घ्यायच्या चिठ्ठ्या, त्यांचे वीस प्रकार, पाच-सहा ॲप, असं काही दाखवत बसू नका. लोक फोटो काढून घेतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात यातलं काहीच होत नाही. कारण अडतं ते प्रश्न बनवताना, तिकीट कसल्या कागदावर घ्यायचं यावर कुणाचंच अडत नाही. म्हणून एक धडा, एक संकल्पना, एक प्रश्न घ्या आणि तो नीट बनवेपर्यंत सगळ्यांना सोडू नका.

आठवडाभर आधी ग्रुपवर मेसेज टाका, की येताना आपल्या वर्गाच्या गणिताच्या किंवा विज्ञानाच्या दहा-पंधरा वह्या घेऊन या, आणि हुशार पोरांच्याच वह्या निवडू नका. दिवसाचं निम्मं काम या वह्यांवर होणार आहे. बाकी सामान म्हणजे तीन रंगांचा कार्डशीट, कात्री आणि पाठकोरे कागद, बस. कार्डावर रंगासोबत अ, ब, क अक्षरही मोठं लिहा, काही पोरांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही.

सकाळी दहाला सुरुवात करताच एक गोष्ट साफ करून टाका. आपल्याकडे वर्षाला मार्कांच्या चार फॉर्मेटिव्ह म्हणजे एफए आणि दोन समेटिव्ह म्हणजे एसए चाचण्या असल्यामुळे 'फॉर्मेटिव्ह' म्हटलं की शिक्षकांच्या डोक्यात मार्कांचं रजिस्टरच येतं. इथे मार्क नाहीत, रजिस्टर नाही, वर पाठवायची माहिती नाही. उद्याच्या तासाची पहिली दहा मिनिटं काय करायचं एवढंच ठरवायला हा प्रश्न विचारायचा. मार्क लावले की पोरं शेजाऱ्याचं बघून लिहितात आणि तुमच्या हातात काहीच येत नाही. हे आधी बोलला नाहीत तर दुपारी कोणीतरी विचारणारच, की सर हे एफएला धरायचं का.

मग शिक्षकांवरच एक पोल घ्या. दोन-तीन मिनिटं उष्णतेचं वहन समजावून सांगा, धातू सुवाहक, लाकूड दुर्वाहक, आणि विचारा 'समजलं का?' सगळे होय म्हणतात. लगेच प्रश्न टाका: थंडीच्या दिवसात बेंच रात्रभर बंद वर्गात आहे, सकाळी त्याच्या लोखंडी पायाचं तापमान आणि लाकडी फळीचं तापमान यात काय फरक? अ) लोखंडाचं कमी, ब) लाकडाचं कमी, क) दोन्हींचं सारखं. अर्धा मिनिट कोणी बोलायचं नाही, कार्ड बाकावर पालथं ठेवायचं, तुम्ही 'वर' म्हटलं की सगळ्यांनी एकदम उचलायचं. मी घेतलेल्या बहुतेक ठिकाणी खोलीत दोन-तीन रंग दिसतात, आणि आत्ताच 'समजलं' म्हणालेले सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. बरोबर उत्तर क आहे, दोन्ही वस्तू रात्रभर एकाच हवेत असल्यामुळे तापमान सारखंच, लोखंड हाताची उष्णता भराभर ओढून घेतं म्हणून गार लागतं. 'समजलं का' या प्रश्नाचा उपयोग किती हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही. एकदम का उचलायचं हेही इथेच दाखवा, हात वर करायला सांगितले की पोरं आधी वर्गातल्या हुशार पोराचा हात बघतात.

आता मुख्य काम, साडेअकरापासून जेवणापर्यंत. मी दशांश अपूर्णांकांची तुलना घेते, कारण त्यातल्या दोन चुका वह्यांमध्ये हमखास सापडतात. पहिली चूक, जितके आकडे जास्त तितकी संख्या मोठी. पोरगं ०.३७५ 'शून्य पॉइंट तीनशे पंच्याहत्तर' असं वाचतं आणि तीनशे पंच्याहत्तर चारपेक्षा मोठे म्हणून ०.४ लहान ठरवतं. (आपण शिक्षकही फळ्यावर तसंच वाचतो, हे जरूर बोला.) दुसरी चूक याच्या उलट. ज्याला शतांश हा दशांशापेक्षा लहान हे कळलंय पण अर्धवट कळलंय, ते पोरगं म्हणतं की जितके आकडे जास्त तितकी संख्या लहान.

गटांना सांगा, सर्वात मोठी संख्या ओळखण्याचा तीन पर्यायांचा पोल बनवा. बरेच गट असा बनवतात: ०.८, ०.३५, ०.१२५. दिसायला चांगला आहे. आता त्यांना विचारा, 'आकडे कमी ती मोठी' असं मानणारं पोरगं काय उचलेल? ०.८. म्हणजे चुकीच्या विचाराने बरोबर उत्तर, आणि तुम्ही खूश होऊन पुढे जाल. आता पर्याय बदला: अ) ०.४, ब) ०.६२, क) ०.३७५. पहिल्या चुकीचं पोरगं क उचलणार, दुसऱ्या चुकीचं अ, आणि ब उचलायला ज्याला स्थानिक किंमत कळलीय तोच पाहिजे. कुठली चूक आहे ते रंगावरूनच दिसतं. प्रत्येक प्रश्नाची परीक्षा हीच, की चुकीचा विचार करून इथे बरोबर उत्तर मिळवता येतं का? हे वाक्य फळ्यावर लिहून दिवसभर तसंच ठेवा.

यानंतर प्रत्येक गटाने आणलेल्या वह्यांमधून खऱ्या चुका शोधायच्या आणि त्यांचेच पर्याय करायचे. मनाने बनवलेला चुकीचा पर्याय बऱ्याचदा असा असतो, की कोणतंच पोरगं तो निवडत नाही. प्रश्न तयार झाला की शेजारच्या गटाला द्या आणि त्या गटाने 'चुकणारं पोरगं' होऊन तो सोडवायचा. इथे घाई करू नका, तास-सव्वा तास लागू दे. मराठी आणि कन्नड मिडियमचे शिक्षक मुद्दाम एका गटात बसवा. प्रश्न दोन्ही भाषांत करताना लांबलचक वाक्यं आपोआप गळतात आणि गणित तेवढं उरतं. आपल्या वर्गात घरी वेगळी भाषा बोलणारी पोरं असतातच, प्रश्न वाचायलाच जड गेला तर उत्तर चुकलं ते गणितामुळे की भाषेमुळे हे तुम्हाला कधी कळायचं नाही.

पोलनंतर काय करायचं याचाही सराव घ्या, नाहीतर लोक कार्ड मोजून गप्प बसतात. समजा तीस पोरांच्या वर्गात अ सात, ब अकरा, क बारा आले. बरोबर उत्तर सांगायचं नाही. दोन वेगळी कार्डं असलेल्यांना जोडीने बसवून दोन-तीन मिनिटं एकमेकांना पटवायला लावा आणि परत पोल घ्या. तरीही क बरेच राहिले तर शंभर चौकटींचा कागद काढून ०.४ आणि ०.३७५ रंगवायला द्या (चाळीस चौकटी आणि साडेसदतीस, इथे बऱ्याच पोरांचा चेहरा बदलतो). 'मागे शून्य लावून आकडे सारखे करा' ही युक्ती लगेच देऊ नका, उत्तरं सुधारतात पण विचार तसाच राहतो. आणि तीन पर्यायांत अंदाजपंचे तिघातला एक बरोबर येतोच, म्हणून वर्गाला पुढे न्यायचं की थांबायचं एवढंच पोलवरून ठरवा. एका कार्डावरून एका पोराबद्दल काही ठरवू नका.

जेवणानंतर एक्झिट तिकीट. इथे सगळ्यात जास्त बिघडणारा प्रश्न म्हणजे 'आज काय शिकलास?' पोरं लिहितात 'दशांश शिकलो', त्यावरून उद्याचं काहीच ठरत नाही. त्याऐवजी तुलनेच्या दोन जोड्या द्या: ०.३ आणि ०.२५, मग ०.७ आणि ०.८५, प्रत्येकीत मोठ्या संख्येला गोल करायचा. आकडे जास्त ती मोठी मानणारा पहिली जोडी चुकतो, दुसरी बरोबर करतो. उलटा विचार करणारा पहिली बरोबर करतो, दुसरी चुकतो. दोन्ही बरोबर तर पुढे चला, दोन्ही चूक तर त्या पोराला जवळ बोलावून विचारा, कदाचित 'मोठी' ऐवजी 'लहान'ला गोल केला असेल. वाचायला काही नाही, लिहिण्याचं ओझं नाही, तीस चिठ्ठ्यांचे चार ढीग पाच मिनिटांत होतात.

हे करूनच बघायला लावा. तुम्ही आधीच वीस-पंचवीस चिठ्ठ्या वेगवेगळ्या अक्षरात भरून ठेवा, गटाला द्या, घड्याळ लावा आणि ढीग करायला सांगा. मग प्रत्येक ढिगासमोर एक ओळ लिहायची, उद्या पहिल्या दहा मिनिटांत या पोरांना काय देणार. 'परत समजावून सांगणार' असं लिहिलं तर चालणार नाही म्हणा, नेमकं काय देणार ते लिहा. बराच वेळ जातो तो या ओळीवर, आणि गेलाच पाहिजे.

दोन अडचणी लोक नक्की काढणार. एक, जांबोटी-कणकुंबीकडच्या शाळांसारखं दोन-तीन इयत्ता एकाच शिक्षकाकडे, वेळ कुठून आणायचा. त्यांना सांगा, रोज एकाच इयत्तेचं तिकीट, तेही ज्या दिवशी नवीन संकल्पना झाली त्याच दिवशी. दुसरी, मोबाईल ॲप चालेल का. प्लिकर्स नावाच्या ॲपमध्ये पोरांकडे छापील कार्ड आणि शिक्षकाकडे एकच फोन असला तरी चालतं, आवड असेल तर वापरा, पण कार्डशीटवर प्रश्न नीट बनवता यायला लागल्यावर. रेंज गेली म्हणून तास अडायला नको.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगा. शाळा सुटताना चिठ्ठी बरोबर आली म्हणजे पोराला आलं असं नाही, अर्ध्या तासापूर्वीच ऐकलेलं असतं. तोच विचार तपासणारा, आकडे बदललेला प्रश्न आठ-दहा दिवसांनी तासाच्या सुरुवातीला परत टाका, त्यात जे टिकलं ते खरं.

चार वाजता प्रशस्तीचं भाषण वगैरे ठेवू नका. प्रत्येकाने आपल्या पुढच्या आठवड्यातल्या धड्यासाठी एक पोल आणि एक तिकीट लिहून, शेजाऱ्याकडून फळ्यावरच्या त्या वाक्याने तपासून घेऊनच उठायचं. आणि सीआरपींकडून आत्ताच पंधरा दिवसांनंतरचे दोन तास मागून घ्या, तेव्हा सगळ्यांनी आपल्या वर्गाच्या खऱ्या चिठ्ठ्या घेऊन यायच्या. त्या दिवशी पहिला प्रश्न एवढाच विचारा, चिठ्ठ्या बघून दुसऱ्या दिवशीच्या तासात तुम्ही काय बदललंत? ज्यांच्याकडे उत्तर नाही त्यांच्या चिठ्ठ्या मधे ठेवून सगळ्यांनी मिळून ढीग करा, तिथून पुढचं काम सुरू होतं. दशांशाचा तो शंभर चौकटींचा कागद हवा असेल तर सांगा, पाठवते.