वेगळ्या मीटरसाठी घरमालकांना पत्र

दादा, पत्रात ‘बिल जास्त येतं’ एवढंच लिहू नकोस, आकडे दे. समज, एकत्र मीटरवर महिन्याला २५० युनिट आले, बिल २,५०० रुपये. तुझ्या सबमीटरवर ८० युनिट पडले, तर तुझा वाटा ८०० रुपये. मालक युनिटला १५ रुपये धरून १,२०० घेत असतील, तर ४०० रुपयांचा हा फरक पत्रात मांड. सबमीटरच नसेल, तर आधी तोच मागून घे.

महावितरणचं रीडिंग होतं त्याच दिवशी सबमीटरचा फोटो काढ, नाहीतर दोन आकडे जुळायचेच नाहीत. बिलाची प्रतही दरमहा माग.

मालकांना पटेल असा मुद्दा स्लॅबचा. घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त असतात, पुढची महाग. दोन कुटुंबं एका मीटरवर असली की ती स्वस्त शंभर एकदाच मिळतात. स्थिर आकार मात्र दुसऱ्या मीटरवरही लागतो, तो मी भरेन असं आधीच लिही. नव्या जोडणीला त्यांची संमती लागेल, म्हणून सूर विनंतीचाच ठेव. पत्राच्या प्रतीवर तारखेसह त्यांची सही घे.