आधी भाजक बघ

अगं, रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. शिफ्टमध्ये नेटवर्कवरच्या हल्ल्यांचे चारशे अलर्ट उघडले, एकही खरा निघाला नाही, आणि सिस्टीम तर ९९ टक्के अचूक म्हणतात, मग मी चुकतेय की मशीन बिघडलंय, असं विचारलंयस. दोन्ही नाही. तू भाजक, म्हणजे हे अलर्ट एकूण किती इव्हेंटमधून आले ते, बघितलेला नाहीस, एवढंच झालंय.

कागद घे. समज दिवसाला १०,००,००० इव्हेंट लॉगमध्ये येतात आणि त्यातले हल्लेखोराचे २०. कॉम्प्युटर सुरक्षेचे संशोधक स्टेफान अॅक्सेलसन यांनी १९९९ मध्ये साधारण हेच आकडे घेऊन हा हिशोब मांडला होता. आता अलार्म १०० हल्ल्यांतले ९९ पकडतो आणि १०० साध्या इव्हेंटमधल्या एकावरच चुकून वाजतो, असं धर. २० पैकी जवळजवळ सगळे पकडले. पण उरलेल्या ९,९९,९८० चा एक टक्का काढ, जवळपास १०,००० होतात. म्हणजे पाचशे अलर्टमागे एक खरा. आणि असं असेल तर सलग चारशेत एकही खरा न निघण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे, तेव्हा तुझी रात्र अगदी नॉर्मल गेली.

"हल्ला असला तर अलार्म वाजेल का" आणि "अलार्म वाजला तर हल्ला असेल का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ९९ टक्के हे पहिल्याचं उत्तर आहे, तू रात्रभर दुसऱ्याचं शोधत होतीस. मूळ प्रमाण, म्हणजे बेस रेट, विसरून पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवायचं, यालाच बेस रेट फॅलसी म्हणतात. भाजक बघ म्हणतो ते यासाठी.

मी हे फार उशिरा शिकलो आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. आमच्या टीममधल्या एका मुलाने पहाटे एक अलर्ट "फॉल्स" म्हणून बंद केला. माणूस नाही तर स्क्रिप्ट वापरते अशा एका सर्व्हिस अकाउंटचे सहा लॉगिन फेल, सातवं सक्सेस, बस. त्याआधी तसेच शेकडो अलर्ट त्याने बघितले होते आणि प्रत्येक वेळी मागे कुणीतरी पासवर्ड बदलून स्क्रिप्टमध्ये टाकायला विसरलेलं असायचं. हा मात्र खरा होता आणि कळायला आम्हाला अकरा दिवस लागले. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, मशीन ९९ टक्के बरोबर असतं, तू दुर्लक्ष केलंस. माझ्याकडे त्या दिवशी वेंडरचा टेस्ट रिपोर्ट होता, १,००० हल्ले आणि १,००० साधे इव्हेंट, त्यात ९९० बरोबर आणि १० खोटे अलर्ट, म्हणजे वाजला की ९९ टक्के खरा! तो रिपोर्ट खोटा नव्हता गं, त्याचा भाजक आमचा नव्हता. दुसरं कुणीही माझ्या जागी तेच म्हणालं असतं, असं मी अजूनही स्वतःला सांगतो, पण भाजक विचारायचं काम माझं होतं, त्या मुलाचं नाही.

आता कुणी सांगेल की डिटेक्शन ९९ वरून ९९.९ करून देतो. घेऊ नकोस! २० पैकी १९.८ चे १९.९८ होतील, १०,००० तसेच राहतील. खोट्या अलर्टचा दर एक टक्क्यावरून ०.००१ टक्क्यावर आणलास तर कुठे दिवसाला १० खोटे आणि २० खरे, म्हणजे तीनात दोन खरे. पण नुसता थ्रेशोल्ड, म्हणजे अलार्म वाजायची पातळी, ताणून तिथे जायला गेलीस तर खरेही सुटायला लागतात. आणि "एकूण अचूकता" तर मला दाखवूच नकोस, कधीच न वाजणारा अलार्मसुद्धा या आकड्यांत ९९.९९८ टक्के अचूक ठरतो.

हल्ले किती येतील ते आपल्या हातात नाही, अलार्म कशावर लावायचा ते आहे. त्या लॉगिनच्या रूलचंच घे. सगळ्या अकाउंटवर लावण्याऐवजी, लॉगिन सक्सेस झाल्यावर तेच अकाउंट पूर्वी कधीच न गेलेल्या सर्व्हरला जोडलं गेलं, तरच माणसाला उठवायचं. ही दुसरी चाळणीही तितकीच, ९९ आणि एक टक्क्याची असेल तर १०,००० खोट्यांतले १०० उरतात, खरे जवळपास २०, म्हणजे सहात एक. एवढे अलर्ट माणूस नीट वाचू शकतो. फक्त दोन्ही चाळण्या एकाच कारणाने चुकायला नकोत. एखादा नवा बॅकअप जॉब लॉगिनही चुकवतो आणि नव्या सर्व्हरलाही जातो, मग तो दोन्हीतून आरामात पार होतो आणि हा १०० चा हिशोब कोलमडतो. आणि ज्याने चोरलेला पासवर्ड पहिल्याच वेळी बरोबर टाकला तो इथे दिसणारच नाही, त्याच्यासाठी वेगळा रूल लागेल, तोही आधी भाजक बघूनच.

तेव्हा स्वतःला दोष देणं आजच्या आज बंद कर आणि मला तीन आकडे पाठव: दिवसाचे एकूण इव्हेंट, त्यातले अलर्ट, आणि गेल्या तीन महिन्यांत खरे निघालेले किती. तिसरा कुणी लिहून ठेवलेला नसेल तर जुनी तिकिटं उघडून मोज, कंटाळा आला तरी मोज.