सही करण्याआधी त्यांना एक फोन करायला सांग

स्टुटगार्टहून एका बडोदेकर लेकीचं पत्र आलंय. "ताई, यांना मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मेंटेनन्स हेडची ऑफर आलीय. आई-बाबा दांडिया बाजारात एकटेच आहेत, म्हणून मन ओढतंय. पण साहेबांना आता प्रश्न विचारले तर 'याचे नखरे फार' असं वाटेल, असं हे म्हणतात. लेकीच्या शाळेचं काय करू? सामान आणू की विकू?"

सामान विकून या. शाळेचं नोकरी पक्की झाल्यावर बघू. पण "नखरे" हा शब्द मला टोचला गं. दहा-बारा वर्षांचा संसार गुंडाळून माणूस येणार आणि ज्याच्या हाताखाली राबायचं, त्याला अर्धा तास मागायला लाजणार?

माझा धाकटा भाऊ मस्कतहून असाच परतला. हुद्दा हेडचा, हाताखाली बारा जण, असं एचआरने सांगितलं होतं. रुजू झाल्यावर कळलं, बारा जागा मंजूर होत्या, माणसं पाचच होती. मशीन बंद पडण्याचे तास निम्मे करायचे होते, पण एक बेअरिंग घ्यायचं तरी सही खरेदी विभागाची. त्याच्याआधी त्या खुर्चीवरून दोघं उठून गेले होते. अकराव्या महिन्यात तोही बाहेर पडला. आईने तेव्हा किती रात्री जागून काढल्या, ते मी पाहिलंय.

म्हणून यांना सांग, एचआरला नाही, ज्यांना रिपोर्ट करायचं त्यांनाच विचारा. ऑफर हातात आहे आणि सही झालेली नाही, हीच वेळ. ही जागा का रिकामी झाली? आज प्रत्यक्ष कामावर किती माणसं आहेत? सहा महिन्यांनी कुठला आकडा पाहून तुम्ही म्हणाल, नेमणूक बरोबर झाली? आणि त्या आकड्यासाठी सुटे भाग घ्यायचा, माणूस नेमायचा अधिकार माझ्याकडे किती?

ज्याला काम ठाऊक आहे तो आज ब्रेकडाउन किती आणि हवं किती, हे लगेच सांगतो. "आम्ही सगळे एका कुटुंबासारखे आहोत, आलात की कळेल" असं उत्तर आलं, तर लक्ष्य अजून ठरलेलंच नाही असं समजा. मग तिथल्या एखाद्या शिफ्ट इंजिनिअरशी बोलायची परवानगी मागा आणि माणसांचा प्रश्न त्यालाही विचारा. साहेब बारा म्हणाले आणि तो पाच म्हणाला, तर साहेबांना पुन्हा फोन करून उरलेली माणसं कधी येणार ते विचारा.

त्याच संध्याकाळी चार ओळींची मेल करा: आपल्या बोलण्यातून मला असं समजलं, काही चुकत असेल तर कळवा. तो काही करार नव्हे, आणि साहेब उद्या बदलूही शकतात. पण नव्या साहेबांपुढे ठेवायला हातात काहीतरी राहतं. माझ्या भावाकडे तेवढंही नव्हतं.

नुसते प्रश्न विचारले म्हणून ऑफर मागे घेतली, तर ते इथेच कळलेलं बरं. त्या मेलचं उत्तर येईपर्यंत तिकडचा राजीनामा देऊ नका, आणि काय उत्तर आलं ते मला लिही.