जाहिरातीत डिलिव्हरी शुल्क कसे आणि कुठे लिहावे?

प्रश्न: माझे छोटे ऑनलाइन दुकान आहे. लोक जाहिरातीवर क्लिक करतात, वस्तू कार्टमध्ये टाकतात आणि चेकआउटला डिलिव्हरी आणि पॅकिंगचे पैसे दिसले की निघून जातात. हे शुल्क पत्त्यानुसार बदलते. ते जाहिरातीत लिहायचे कसे? आणि लिहिले तर क्लिक कमी होणार नाहीत का?

उत्तर: गेली अनेक वर्षे मी दुकानांसाठी जाहिरातींचा मजकूर लिहितो. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर पुष्कळ गोड बोलले जाते. क्लिक कमी होतील. कदाचित काही काळ विक्रीही कमी होईल. स्टबहब या तिकीटविक्रीच्या संकेतस्थळावर २०१५ मध्ये एक मोठा प्रयोग झाला. त्यात काही ग्राहकांना शुल्क सुरुवातीपासून दाखवले गेले आणि काहींना अगदी शेवटच्या टप्प्यावर. ज्यांना ते शेवटी दिसले, त्यांनी सुमारे २१ टक्के जास्त खर्च केला. म्हणजे शुल्क दडवल्याने विक्री नेहमी घटतेच असे नाही. मात्र एखाद्या कार्यक्रमाचे तिकीट आणि आपल्या दुकानातील वस्तू यांत फरक आहे. तिकीट घेणाऱ्याला तोच कार्यक्रम हवा असतो, आपल्या ग्राहकाला मात्र तशीच वस्तू दुसऱ्या खिडकीत उघडून पाहता येते. शिवाय आपण प्रत्येक क्लिकचे पैसे मोजत असाल, तर शुल्क पाहून परत जाणारा ग्राहकही आपल्या खर्चाने आलेला असतो.

आता मजकुराकडे वळू. शुल्क लिहिण्यापूर्वी प्रत्येक शुल्काला एकच प्रश्न विचारावा: हे कोणाला टाळता येते का? जे कोणत्याही मार्गाने टाळता येत नाही आणि जे प्रत्येक ग्राहकाला सारखेच लागते, ते वेगळे शुल्क नसून किमतीचाच भाग आहे आणि त्याची जागा किमतीतच आहे. जे सर्वांना लागते पण ग्राहकाच्या पत्त्यावर किंवा वजनावर अवलंबून असते, ते किमतीत मिसळता येत नाही. ते किमतीच्या शेजारी, आकड्यासह लिहावे. जे ग्राहक स्वतःहून निवडतो, उदाहरणार्थ भेटवस्तूचे वेष्टन किंवा त्याच दिवशी डिलिव्हरी, ते जाहिरातीत नसले तरी चालते. अट इतकीच की चेकआउटवर त्याच्यापुढची खूण आपण आधीच करून ठेवलेली नसावी.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. काचेच्या झाकणाचा टेबलावरचा दिवा आहे असे समजा. चलन कोणतेही धरा, किंमत ८००. काच फुटू नये म्हणून प्रत्येक दिव्याला ४० चे पॅकिंग लागते. डिलिव्हरी शहरातील पत्त्यावर ६० आणि बाहेरच्या पत्त्यावर १४०. एकूण खरेदी १५०० किंवा त्याहून अधिक झाली तर डिलिव्हरी मोफत. सध्या जाहिरातीत बहुधा ‘फक्त ८००’ असे असेल आणि बाहेरगावचा ग्राहक शेवटच्या पानावर ९८० पाहत असेल. मनात धरलेल्या आकड्यापेक्षा हे साडेबावीस टक्के जास्त आहे.

पॅकिंग कोणालाच टाळता येत नाही, तेव्हा किंमत ८४० झाली. येथे दुकानदार हमखास अडतात, कारण ८०० वरून ८४० म्हणजे शेजारच्या जाहिरातीपेक्षा आपण महाग दिसू असे त्यांना वाटते. ही भीती अगदीच खोटी नाही. पण पॅकिंगसारखी टाळता न येणारी रक्कम मागाहून जोडणे हे अनेक देशांत आता केवळ नाराजीचे कारण राहिलेले नाही. भारतातील २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत अशा टप्प्याटप्प्याने उलगडणाऱ्या किमतीचा समावेश आहे, आणि ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून टाळता न येणारी शुल्के किमतीत धरूनच दाखवावी लागतात. त्यामुळे या ४० ची जागा बदलण्यावर मी कधीही तडजोड करत नाही.

डिलिव्हरीचा प्रश्न अवघड आहे, कारण जाहिरात पाहणाऱ्याचा पत्ता आपल्याला ठाऊक नसतो. यावर लोक तीन पळवाटा काढतात आणि तिन्ही फसतात. ‘डिलिव्हरी शुल्क वेगळे’ यातून वाचकाला काहीच कळत नाही. तो मनात स्वतःचा आकडा धरतो आणि तो जवळजवळ नेहमी कमीच असतो. ‘डिलिव्हरी ६० पासून’ हे खरे असले तरी बाहेरगावच्या प्रत्येक वाचकाला दिशाभूल करणारे आहे, कारण ‘पासून’ हा शब्द वाचणाऱ्याच्या डोक्यात फक्त ६० उरतो. तिसरी पळवाट म्हणजे किमतीच्या डोक्यावर चांदणी आणि खाली बारीक अक्षरांत ‘अटी लागू’. मी स्वतः एका दुकानासाठी ‘पासून’ची जाहिरात लिहिली होती आणि ती चांगली चालते आहे असे महिनाभर समजत होतो, क्लिक भरपूर होते, पण तक्रारीच्या पत्रांत तोच एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता.

यावर उपाय म्हणजे दोन्ही टोके लिहावीत आणि शुल्क कशावर ठरते तेही लिहावे. जागा कमी असल्यास, निदान वरचे टोक तरी सोडू नये. ज्याने १४० वाचले आणि ६० भरले, तो चेकआउटवर थांबत नाही; उलट क्रमाने घडले तर थांबतो. गूगलच्या सर्च जाहिरातीत शीर्षकाला ३० आणि वर्णनाला ९० अक्षरचिन्हांची मर्यादा असते. तेवढ्यातही हे बसते:

शीर्षक: ८४० + डिलिव्हरी ६० ते १४०

वर्णन: पॅकिंग किमतीत धरले आहे. शहरात डिलिव्हरी ६०, बाहेर १४०. १५००च्या खरेदीवर डिलिव्हरी मोफत.

शहरासाठी आणि बाहेरच्या भागासाठी दोन वेगळ्या जाहिराती करून प्रत्येकीत एकच आकडा लिहिणे अधिक नेटके दिसते आणि ते करावेही, पण त्यात एक मेख आहे. गूगल अ‍ॅड्समध्ये ठिकाण निवडताना मूळ मांडणी अशी असते की त्या ठिकाणी असलेल्यांबरोबरच त्या ठिकाणात रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसते. म्हणजे दूर राहणारा माणूसही शहराची ६० ची जाहिरात वाचू शकतो. ही मांडणी बदलून फक्त त्या ठिकाणी असलेले लोक निवडता येतात. तरीही शहरात बसून कोणी दूरच्या बहिणीसाठी दिवा मागवणारच, म्हणून ‘शहरात ६०’ पेक्षा ‘शहरातील पत्त्यावर ६०’ असे लिहिणे अधिक बिनचूक ठरते.

गूगलच्या शॉपिंग जाहिरातींत डिलिव्हरीचा आकडा मजकुरातून जात नाही, तो मर्चंट सेंटर या गूगलच्या सेवेत आपण वस्तूंची जी माहिती भरतो तिच्यातून येतो. तो चेकआउटवरील आकड्याशी जुळावा लागतो आणि नेमका देता येत नसेल तर जास्तच द्यावा लागतो. कमी दाखवलेला चालत नाही, त्यासाठी वस्तू नाकारली जाऊ शकते. वाहतूकदाराने दर वाढवला की दुकानदार संकेतस्थळावरचा आकडा बदलतात आणि येथला विसरतात. न जुळण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

आता ‘१५०० च्या खरेदीवर मोफत’ या ओळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत कडवट तक्रारी मला या निरुपद्रवी दिसणाऱ्या वाक्यातून आलेल्या दिसल्या आहेत. समजा बाहेरगावच्या ग्राहकाने दोन दिवे घेतले. बेरीज १६८० झाली, डिलिव्हरी शून्य दिसली, तो निश्चिंत झाला. मग त्याने आपणच पाठवलेला १५ टक्के सवलतीचा कोड टाकला आणि बेरीज १४२८ झाली. ती १५०० च्या खाली गेल्याबरोबर १४० ची डिलिव्हरी परत आली आणि देय रक्कम १५६८ झाली. त्याला २५२ ची सवलत अपेक्षित होती, हाती ११२ ची आली. आकड्यांत कोठेही लबाडी नाही, तरीही ग्राहकाच्या नजरेत दुकानाने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. ‘सवलत वजा करून १५००’ असे लिहिणे हा एक मार्ग आहे, पण छोट्या जाहिरातीत ते जड होते आणि बहुतेकांना कोड टाकेपर्यंत त्याचा अर्थ कळत नाही. माझा सल्ला नियमच बदलण्याचा आहे: मर्यादा सवलतीपूर्वीच्या बेरजेवर मोजावी, म्हणजे जाहिरातीतील वाक्य आहे तसेच खरे राहते. दुकानाचे सॉफ्टवेअर ही बेरीज कोणत्या टप्प्यावर धरते ते मात्र एकदा स्वतः कोड टाकून पाहावे, कारण सेटिंग्जच्या पानावरून ते सहसा उमगत नाही.

राहिला प्रश्न, आपले ग्राहक खरोखर शुल्कामुळेच जातात हे कसे ओळखावे. चेकआउटमध्ये डिलिव्हरीचा आकडा पहिल्यांदा कोणत्या पायरीवर दिसतो ते पाहावे आणि गळती त्याच पायरीवर आहे का ते तपासावे. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये `begin_checkout`, `add_shipping_info`, `add_payment_info` आणि `purchase` या नोंदी नीट लावलेल्या असतील तर ते दिसते. त्यानंतर ६० भरणारे आणि १४० भरणारे वेगळे करावेत. दुसऱ्या गटात गळती ठळकपणे जास्त असेल तर कारण शुल्क आहे. दोन्हींत सारखीच असेल तर आधी पॅकिंगचा संशय घ्यावा, कारण ते दोघांनाही सारखेच लागते. आणि पैसे भरण्याच्या पानावर असेल तर दोष बहुधा दुसऱ्याच कशात आहे, तो जाहिरातीतून सुटणार नाही.

जाहिरात बदलल्यावर क्लिकची संख्या पाहून निर्णय घेऊ नये. एक काल्पनिक हिशेब देतो: जुन्या जाहिरातीवर १००० क्लिक आणि ४० ऑर्डर, एका क्लिकचा खर्च ५, म्हणजे एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च १२५. नव्या जाहिरातीवर क्लिक ७०० वर आले आणि ऑर्डर ३५ झाल्या, तर क्लिकचा दर तोच राहिल्यास हा खर्च १०० वर येतो. ऑर्डर पाच कमी झाल्या आणि प्रत्येक ऑर्डरमागे २५ वाचले. वाचलेल्या १५०० मध्ये याच दराने १५ ऑर्डर आणखी मिळू शकतात. ऑर्डर २५ वर आल्या असत्या तर मात्र हाच खर्च १४० झाला असता. तसे घडले तर आकडे पुन्हा दडवू नयेत, कारण त्या वेळी अडचण मजकुराची नसून डिलिव्हरीच्या १४० च्या दराची असते आणि वाहतूकदाराशी बोलण्याची वेळ आलेली असते.