वर्षभराच्या ब्रँड ॲम्बॅसिडर करारात मोबदला, कामे आणि बंधन कसे ठरवावे?

प्रश्न: इन्स्टाग्रामवर पाककृती दाखवते, ७० हजार फॉलोअर आहेत. एका रीलचे १२ हजार घेते. खाद्यतेलाचा एक ब्रँड वर्षाला ३ लाख देतो आहे: महिन्याला २ रील, ४ स्टोरी, आणि वर्षभर दुसऱ्या कुठल्याही खाद्यपदार्थाची जाहिरात करायची नाही. काय बोलावे?

उत्तर: आधी हिशेब मांडा. २४ रीलचे तुमच्याच दराने २ लाख ८८ हजार होतात. म्हणजे ४८ स्टोरी आणि वर्षभराचे बंधन हे सगळे मिळून ते तुम्हाला १२ हजार देत आहेत. एकत्रित रकमेत हे दिसत नाही, म्हणून त्यांच्याकडून रील, स्टोरी, बंधन आणि जाहिरातीसाठी वापर यांचे दर वेगवेगळे लिहून मागा.

माझ्या पहिल्या करारात ‘खाद्यपदार्थ व स्वयंपाकघरातील वस्तू’ असे शब्द होते आणि मी ते न वाचल्यासारखेच वाचले. दिवाळीच्या तोंडावर मसाले, पीठ आणि कुकर अशी तीन कामे मला नाकारावी लागली. तुम्ही गेल्या वर्षी तेल सोडून इतर खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतून किती मिळवले ते काढा. समजा ते दीड लाख असेल, तर दोन पर्याय ठेवा: बंधन फक्त पाकीटबंद खाद्यतेलापुरते असेल तर ३ लाखांच्या आसपास बोलणी होऊ शकतात, सगळे खाद्यपदार्थ हवे असतील तर साडेचार लाख. बहुतेक ब्रँडना खरी भीती प्रतिस्पर्धी तेलाचीच असते, त्यामुळे ते पहिला पर्याय घेतात. करार संपल्यानंतरचे बंधन ३० दिवसांपेक्षा जास्त मान्य करू नका. तसेच तुमचे रील ते स्वतःची जाहिरात म्हणून किती दिवस चालवतील हेही लिहून घ्या, कारण तुमचा चेहरा त्या तेलाच्या जाहिरातीत दिसत असेपर्यंत दुसरा तेलाचा ब्रँड तुमच्याकडे येणार नाही, मग कागदावरचे बंधन संपलेले का असेना.

कामांच्या बाबतीत नेहमीची अडचण अशी की ब्रँड तीन महिने ब्रीफ देत नाही आणि सणाच्या आठवड्यात साचलेली सहा रील एकदम मागतो. म्हणून त्यांच्याकडून वेळेत ब्रीफ न आल्यास त्या महिन्याचे रील पुढे नेता येणार नाही, पण त्याचे पैसे मात्र द्यावे लागतील, असे कलम घाला. बदल संहितेच्या टप्प्यावर दोनदा आणि संपादनानंतर एकदा. संमत संहितेनुसार केलेले चित्रीकरण पुन्हा हवे असल्यास वेगळे शुल्क.

पैसे वर्षअखेरीस नकोत. प्रत्येक तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ मागा, तेवढे न जमल्यास दरमहा बिल. उद्यम नोंदणी करून घ्या: सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार लेखी करारातही देयकाची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, त्यामुळे ‘९० दिवसांत’ या अटीवर बोट ठेवता येते. आणि करार मध्येच मोडला तर झालेल्या कामाचे पैसे मिळतील व बंधन त्याच दिवशी संपेल, हे वाक्य सही करण्यापूर्वी मसुद्यात आहे ना, ते स्वतः पाहा.