आधी मोबाईलवर लॉगिन, मग टीव्हीवर कोड

प्रश्न: टीव्हीवरच्या अॅपमध्ये साइन-इनसाठी कोड येतो, पण मोबाईलवर टाकेपर्यंत 'कोडची मुदत संपली' असं येतं. चार वेळा झालं. टीव्ही बिघडलाय का?

टीव्ही बहुतेक ठीकच आहे. तुमचा वेळ मोबाईलवर जातोय. गेल्या दिवाळीत साताऱ्याला, मंगळवार पेठेत आत्याकडे मला हाच अनुभव आला, म्हणून सविस्तर सांगते.

आत्याच्या टीव्हीवर कोडखाली लिहिलं होतं, मुदत १० मिनिटं. वाटलं, भरपूर आहेत. आत्याने कोड पाठकोऱ्या कागदावर उतरवला. वेबसाइटचा पत्ता तिने सर्चमध्ये टाकला, तर वर जाहिरातीच आल्या. त्यातून खरं पान मिळेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली. पान उघडल्यावर कोडच्या आधी लॉगिन विचारलं. पासवर्ड आठवेना. 'पासवर्ड विसरलात' दाबलं, तर ओटीपी येईना, कारण जुन्या दगडी घरात आतल्या खोलीत रेंजच नाही. अंगणात गेल्यावर मेसेज आला. नवा पासवर्ड ठेवून कोड टाकला, तोवर मुदत संपलेली. "अगं, कोड तर बरोबर टाकला मी!" आत्या म्हणाली. आणि तो खरंच बरोबर होता.

आत काय होतं ते कळलं की उपाय आपोआप सुचतो. टीव्हीने कोड मागितला की कंपनीचा सर्व्हर त्याला दोन गोष्टी देतो: पडद्यावर दिसणारा छोटा कोड आणि टीव्हीने स्वतःजवळ ठेवायचा एक लांबलचक गुप्त कोड. मुदत त्याच क्षणी सुरू होते, तुम्ही मोबाईल हातात घ्याल तेव्हा नव्हे. मग टीव्ही गुप्त कोड दाखवून सर्व्हरला ठरावीक वेळाने विचारत राहतो, 'मालकाने परवानगी दिली का?' ही पद्धत २०१९ साली आरएफसी ८६२८ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात प्रमाणित झाली. सर्व्हरने विचारण्याचं अंतर सांगितलं नसेल तर त्यात ५ सेकंद धरलेले आहेत. मुदत किती ठेवायची हे मात्र ज्याची त्याची कंपनी ठरवते. त्यामुळे एका अॅपला अर्धा तास आणि दुसऱ्याला पाच मिनिटं, असं असू शकतं.

म्हणून क्रम उलटा करा. टीव्हीवरचा कोड सध्या विसरा. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये वरच्या पत्त्याच्या पट्टीत, सर्चमध्ये नव्हे, टीव्हीवर दिसणारा पत्ता जसाच्या तसा टाका. लॉगिन, पासवर्ड, ओटीपी सगळं रेंजमध्ये उभं राहून उरकून घ्या. मोबाईलवर कोड टाकायची रिकामी चौकट समोर आली, की मग टीव्हीवर मागे जाऊन नवा कोड मागा. आता फक्त सात-आठ अक्षरं टाकायची उरतात. आत्याचं काम असं मिनिटभरात झालं. क्यूआर कोड स्कॅन केला तर पत्ता टाकायचा त्रास वाचतो, पण लॉगिनचा वेळ वाचत नाही. तेव्हा क्यूआर असला तरी लॉगिन आधीच करून ठेवा.

आणखी एक चूक आम्ही केली होती. मधल्या वेळात टीव्हीवर स्क्रीनसेव्हर आला, रिमोट दाबल्यावर पडद्यावर नवा कोड होता आणि आत्या कागदावरचा जुनाच टाकत होती. कोड टाकण्याआधी पडद्याकडे एकदा बघाच. मोबाईलवर 'यशस्वी' आलं आणि टीव्ही तिथेच अडकला, तर बहुधा टीव्हीचं विचारणं मधेच थांबलेलं असतं. तोच कोड पुन्हा टाकून उपयोग नाही; अॅप पूर्ण बंद करून नवा घ्या.

खातं पुण्यातल्या मुलाच्या नावावर असेल तर त्याने साताऱ्याला यायची गरज नाही, एकच वायफायही लागत नाही. त्याने तिकडे आधी लॉगिन करून ठेवावं, मग तुम्ही नवा कोड काढून फोनवर एकेक अक्षर सांगा. फक्त त्याला एवढं सांगून ठेवा की घरच्यांचा आवाज ओळखल्याशिवाय कुणाचाही कोड टाकायचा नाही. अनोळखी माणसाने पाठवलेला कोड तुम्ही टाकलात, तर तुमचं खातं त्याच्या यंत्रावर उघडतं. पासवर्ड त्याला कळलेला नसतो, तरीही.

एवढं करूनही मुदत संपली असं आलं, तर कोड दिसल्यापासून किती मिनिटं गेली ते घड्याळात बघा. पडद्यावर लिहिलेल्या मुदतीच्या आतच नकार येत असेल, तर दोष अॅपच्या बाजूचा असण्याची शक्यता जास्त. ग्राहक सेवेला टीव्हीचं मॉडेल, कोड दिसल्याची वेळ आणि नकार आल्याची वेळ कळवा. या तीन गोष्टी हातात असल्या की नोंदीत तुमचा प्रयत्न शोधणं त्यांना सोपं जातं.