मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी किती रक्कम जमवायची?

प्रश्न: मुलगा 8 वर्षांचा आहे, पुण्यातच राहतो. 10 वर्षांनी इंजिनिअरिंगला किती पैसे लागतील, हे आजच्या फीवरून कसं काढू?

उत्तर: एक पावती पुरत नाही, दोन लागतात. त्याच कॉलेजच्या, पहिल्याच वर्षाच्या, पण पाच-सहा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या. नात्यात किंवा सोसायटीत विचारा, मिळतात.

समजा, 2019 ची पावती 1,20,000 ची आणि 2025 ची 1,80,000 ची आहे. शीटमध्ये टाका:

```
=(180000/120000)^(1/6)-1
```

उत्तर येतं 0.0699, म्हणजे साधारण 7 टक्के. हा तुमच्या कॉलेजचा खरा दर. बाजारातल्या महागाईचा आकडा इथे चालत नाही.

या दराने 10 वर्षांनी पहिल्या वर्षाची फी साधारण 3.54 लाख होते. इथेच बहुतेक जण त्याला चारने गुणतात आणि कमी पडतात. फी पुढेही दरवर्षी वाढते असं धरा: 3.54, 3.79, 4.05, 4.34. बेरीज 15.7 लाख. हे तुमचं लक्ष्य.

पावती मात्र नीट वाचा. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याच्या पावतीवर ट्यूशन फी निम्मीच दिसू शकते. एक पावती तशी आणि दुसरी पूर्ण फीची असेल, तर दर भलताच येतो. परत मिळणारी अनामत रक्कम दोन्हींतून वजा करा. वसतिगृह आणि मेस सहसा पावतीत नसतात. मुलगा घरून जाणार असेल तर सोडून द्या.

दरवर्षी जूनमध्ये नवी पावती मिळवून हा हिशोब पुन्हा करा. दर 7 ऐवजी 9 निघाला, तर तेच लक्ष्य सुमारे 19.5 लाखांवर जातं.